रोजमेळातलं ‘किरकोळ’

मिरज,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

परवा शिंद्यांकडच्या बारशाला गेले होते. तिथे कऱ्हाडची एक बाई भेटली. मी तुझी आत्या, हे तिला ठाऊक नव्हतं. ती सांगत होती, धनत्रयोदशीला तुमच्या दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागलेली, आणि तू काउंटरवर सगळ्यांसमोर छोटूच्या बायकोला, स्वातीला विचारलंस, “गल्ल्यातले आठशे कुठे गेले?” पोरगी हातातली पिशवी तशीच ठेवून आत गेली म्हणे. आणि छोटूने भट्टीवाल्याला चकलीचा घाणा थांबवायला सांगितलं, तू चालू ठेव म्हणालास, तो बिचारा झारा हातात धरून उभा, आणि चकल्या काळ्या झाल्या. मी वाटी खाली ठेवली. घुगऱ्या गळ्याखाली उतरेनात.

बाई चार शब्द पदरचे घालत असेल, हे मी धरून चालते. पण एकच सांग. स्वातीला पगार आहे का?

नसणार. “घरचीच तर आहे, तिला कसला पगार?” असंच म्हणाला असशील. आमच्याकडेही असंच म्हणायचे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मामंजींनी माझ्यापुढे रोजमेळाची वही ठेवली. अक्षर चांगलं आणि बेरीज चुकत नाही, म्हणून. एकोणीस वर्षं मी भांड्यांच्या दुकानाचा हिशेब लिहिला. स्वयंपाक उरकून अकराला बसायचं, दिवेलागणीला उठायचं. पैसे लागले तर मागायचे, आणि मागितले की “कशाला?” हे ऐकायचं. पोराच्या सहलीला पैसे कशाला, माहेरी जायचं तर एवढे कशाला.

जे कुणाला सांगितलं नाही ते आता तुला सांगते. चौथ्या-पाचव्या वर्षापासून मी गल्ल्यातून पैसे काढायला लागले. कधी वीस, कधी पन्नास. वहीत लिहायचे ‘किरकोळ’. वही माझीच, त्यामुळे बेरीज जुळायची. एका दिवाळीत धाकट्या जावेने ती किरकोळं मोजली आणि सगळ्यांसमोर आकडा सांगितला. मी तिला नको ते बोलले, तिच्या माहेरापर्यंत गेले. नंतर दुकान वाटून घेतलं तेव्हा पंचांनी तराजू मोजला, वजनं मोजली, मोडीतली पितळ मोजली. माझी एकोणीस वर्षं कुठल्याच रकान्यात नव्हती. एका गोष्टीची रुखरुख मात्र त्याहून मोठी आहे. जाऊ गेली तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. तिचा आकडा बरोबर होता रे.

म्हणून विचारते, स्वातीने आठशे काढले असतील तर ते कशाच्या बदल्यात? तुझी बायको शाळेत शिकवते, महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात पैसे येतात. स्वाती दिवसाचे सात तास काउंटरला असते, बिलं करते, फोनवरच्या ऑर्डरी घेते. तिच्या खात्यात काय येतं? एकाच घरातल्या या दोन सुना. तू दोघींच्या मधे उभा राहून बघ जरा.

आता हिशेब. तुझा चोख आकडा मला माहीत नाही, पण गेल्या वर्षी माल, गॅस, कारागीर, भाडं सगळं जाऊन महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास उरतात म्हणाला होतास. सोपं जावं म्हणून एक लाख वीस हजार धरू. आधी प्रत्येक कामाला किंमत लाव, आणि ती किंमत नात्यावर ठरवू नकोस. ‘हे काम करायला बाहेरचा माणूस ठेवला तर काय द्यावं लागेल?’ एवढंच विचार. पहाटे पाचला भट्टी, खरेदी, कारागीर सांभाळणं, हे तुझं : पस्तीस हजार. किराणावाल्यांना माल पोचवून उधारी वसूल करणं, हे छोटूचं : बावीस. काउंटर आणि बिलं, हे स्वातीचं : तेरा. कऱ्हाडात दर थोडा वेगळा असेल, चौकशी कर. हे झाले सत्तर हजार, आणि हे कामाचे. उरले पन्नास. त्यातले वीस पुढच्या दिवाळीच्या बेसन-तेलासाठी बाजूला टाक. तीस उरतात, ते मालकीचे. तुम्ही दोघे भाऊ निम्मे भागीदार, पंधरा-पंधरा घ्या.

बेरीज करून बघ. तुझे पन्नास, छोटूचे सदतीस आणि स्वातीचे तेरा, म्हणजे तेही पन्नासच. आज उचल करून तुम्हा दोघा भावांकडे जेवढं जातं, त्याहून हे फारसं वेगळं नसेल. पण आज कुणी किती आणि कशाबद्दल घेतलं, ते कुणालाच सांगता येत नाही. उद्या स्वातीने काउंटर सोडलं तर तिचे तेरा थांबतील आणि ते बाहेरच्या पोरीला जातील. छोटूच्या पंधराला धक्का लागणार नाही, कारण ते मालकीचे आहेत.

आणि हे कागदावर हवं. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. आपसात ठरलेलं नसेल तर त्यात नफा सारखा वाटायचा असतो, आणि भागीदाराला कामाचा पगार मागता येत नाही. म्हणजे पहाटे पाचला उठणारा आणि नऊला येणारा कायद्यापुढे सारखेच. भागीदारीपत्रात लिहिलेला नसेल तर तुम्हा भावांचा पगार आयकरातही खर्च म्हणून धरत नाहीत. स्वाती भागीदार नाही, तिचा पगार तिच्या नावाने बँकेतून दे. घरची म्हणून तेराच्या जागी तीस दाखवू नकोस, बाजारभावाहून जास्तीचे नाकारतात. बाकीचं तुझ्या सीएला विचार, मी जुन्या वहीची बाई.

गल्ल्याचं काय? कुणीही, अगदी तूसुद्धा, हात घातला तर त्याच दिवशी नावानिशी ‘उचल’ लिहायची आणि महिनाअखेर पगारातून वळती करायची. वहीत ‘घरखर्च’ आणि ‘किरकोळ’ हे शब्द वाढायला लागले की समज, कुणीतरी मागायला लाजतंय.

घाण्याचं भांडण तर मला कळतच नाही. भट्टीवर शब्द तुझा. छोटूला पटलं नाही तर त्याने तुला सांगावं, कारागिराला नाही. उधारी कुणाला किती द्यायची, तिथे शब्द छोटूचा, आणि तू गिऱ्हाइकासमोर त्याला खोटं पाडायचं नाहीस. काउंटरवरच्या सुट्ट्या स्वातीने आधी सांगाव्या, मग ती माहेरी गेली तर तोंडं वाकडी करायची नाहीत. दुकान सोमवारी बंद असतं. त्या दिवशी तासभर तिघांनी शटर अर्धं ओढून बसा आणि सगळं तिथेच बोला. जेवताना तो विषय नको. वहिनीच्या भाकऱ्या थंड होतात आणि ती काही बोलत नाही, हे मी बघितलंय.

फार बोलले का? तू दादाच्या माघारी एकविसाव्या वर्षी दुकानात उभा राहिलास, छोटूची फी भरलीस, त्याचं लग्न लावलंस. रागावतोस तोही दमल्यामुळे, हे का मला कळत नाही? या दिवाळीत तू किती तास झोपलास, हेही कुणी विचारलं नसेल.

स्वातीपाशी जा. माफी मागायला जड जात असेल तर नुसतं म्हण, “आत्याने तुझा पगार विचारलाय.” माझं नाव पुढे कर, मला चालतं.

संक्रांतीला येते आहे. तुझ्या काकांच्या दुकानातल्या जुन्या वह्या परवा काढल्या, त्यांच्या मागच्या पानांवर तू सुट्टीत काढलेली गाढवं अजून आहेत. एकाला पाच पाय आहेत. स्वातीसाठी लाल कापडी पुठ्ठ्याची नवी लांब वही आणते. शेवटची दोन पानं तुझ्यासाठी कोरी ठेवायला सांगेन तिला.

तुझी,
आत्या