खामगावचा फोन आणि सहा तारखा

चि. सायलीस,


तू पाठवलेला बिझनेस लॉचा पेपर आणि तुझं उत्तर, दोन्ही नीट वाचलं. व्याख्या तुला पाठ आहेत, कलमांचे आकडेही बरोबर आहेत. उत्तर मात्र चुकलं, कारण करार झाला की नाही हे तू एका दमात ठरवून टाकलंस. तो कोणावर, कोणत्या क्षणी बंधनकारक झाला, हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाहीस. म्हणून आज फक्त त्या क्षणाबद्दल लिहितो.

आधी आपल्या विदर्भातला एक खटला सांगतो. खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीने अहमदाबादच्या एका पेढीला सरकी पेंड विकायचं कबूल केलं. ही गोष्ट 1959 सालची. अहमदाबादच्या पेढीने फोनवर मागणी केली, खामगावहून फोनवरच होकार आला. माल आला नाही. पेढीने 31,150 रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा अहमदाबादच्या कोर्टात लावला. खामगावकरांचं म्हणणं असं, की आम्ही होकार खामगावात दिला, माल खामगावात द्यायचा होता, पैसेही तिथेच मिळायचे होते, तेव्हा दावा खामगावलाच चालला पाहिजे. म्हणजे सगळा वाद एवढ्यावर आला: फोनवरचा करार बोलणाऱ्याच्या गावी होतो की ऐकणाऱ्याच्या?

सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितलं, ऐकणाऱ्याच्या गावी. फोनवरची दोन माणसं जणू समोरासमोरच असतात, त्यामुळे होकार कानावर पडला तरच तो पोहोचला. म्हणून करार अहमदाबादला झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. त्यांनी करार कायद्याच्या कलम 4 चे शब्द धरले. होकार देणाऱ्याच्या हाताबाहेर जाईल अशा रीतीने तो रवाना झाला की प्रस्ताव देणारा बांधला जातो, असं ते कलम म्हणतं. मग शब्द तोंडातून खामगावात सुटले, तर करारही खामगावातच. मला विचारशील तर कलमाच्या शब्दांशी हिदायतुल्लांचं मत जास्त इमानदार आहे. पण परीक्षेत बहुमताचा निकाल लिही, कारण कायदा तोच आहे. 1965 चा ‘भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल’ हा निर्णय फोनच्या प्रश्नात नावानिशी आलाच पाहिजे.

आता तुझा प्रश्न. त्यात पत्रव्यवहार आहे, फोन शेवटी येतो. अकोल्याच्या व्यापाऱ्याने पुण्याच्या दुकानदाराला ठरावीक भावाने शंभर पोती तूर देण्याचं पत्र 1 तारखेला टाकलं. ते 3 ला पोहोचलं. त्याच दिवशी भाव चढले म्हणून व्यापाऱ्याने प्रस्ताव मागे घेतल्याचं दुसरं पत्र टाकलं. दुकानदाराने 4 ला होकाराचं पत्र पोस्टात टाकलं. व्यापाऱ्याचं दुसरं पत्र त्याला 5 ला मिळालं. 6 ला दुकानदारानेच फोन करून सांगितलं, ‘माझा होकार रद्द समजा.’ होकाराचं पत्र अकोल्याला 7 ला पोहोचलं.

तू लिहिलंस, ‘4 तारखेला पत्र टाकताच करार झाला, म्हणून फोनला अर्थ नाही.’ हे इंग्लंडच्या कायद्याचं उत्तर आहे. तिथे 1818 च्या ‘अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल’पासून पत्र टाकलं की दोघंही बांधले जातात असं मानतात, आणि इंग्रजी खटले वाचून आपल्याकडची मुलं तेच लिहून येतात. आपला 1872 चा करार कायदा दोन पक्षांसाठी दोन क्षण सांगतो. पोस्टात पडलेल्या होकाराने प्रस्ताव देणारा लगेच बांधला जातो. होकार देणारा मात्र ते पत्र समोरच्याच्या हाती पडेपर्यंत मोकळा राहतो. कलम 5 याच्याच आधारावर उभं आहे.

म्हणून एकच तारीख शोधू नकोस. दोन्ही माणसं वेगवेगळी तपास. व्यापारी 4 तारखेला बांधला गेला. त्याचं मागे घेण्याचं पत्र दुकानदाराला 5 ला कळलं, म्हणजे उशिरा. ते 3 लाच टाकलं होतं याने काही फरक पडत नाही, कारण माघार समोरच्याला कळल्याशिवाय त्याच्याविरुद्ध पूर्ण होत नाही. दुकानदार मात्र 7 ला बांधला जाणार होता, आणि त्याचा फोन 6 ला गेला. तो वेळेत आहे. त्यामुळे करार झाला नाही, आणि भाव पडले तरी व्यापाऱ्याला दुकानदारावर दावा लावता येणार नाही.

पेपर हातात आला की आधी समासात तारखा उतरव, आणि प्रत्येक तारखेपुढे ‘टाकलं’ की ‘कळलं’ हे लिही. अर्धे गुण तिथेच पदरात पडतात.

तारखांच्या आधी एक गोष्ट मात्र पाहायची: तो होकार खरंच होकार आहे का? दुकानदाराने ‘चालेल, पण क्विंटलमागे पन्नास रुपये कमी करा’ असं लिहिलं असतं, तर कलम 7 प्रमाणे तो होकारच नव्हे. तो उलट प्रस्ताव, आणि त्याने मूळ प्रस्ताव संपतो. पुढे त्याने ‘बरं, तुमच्याच भावाने द्या’ म्हटलं तरी मेलेला प्रस्ताव उठत नाही. पण ‘माल किती दिवसांत मिळेल?’ एवढंच विचारलं असेल तर ती चौकशी झाली, प्रस्ताव शाबूत आहे. परीक्षक हा सापळा मुद्दाम एका साध्या वाक्यात लपवतात.

प्रतिफलावर, म्हणजे तुमच्या वर्गातल्या कन्सिडरेशनवर, तू दीड पान लिहिलंस. या प्रश्नात त्याची गरज नव्हती. तूर आणि तिचे पैसे एकमेकांचं प्रतिफल आहेत, हे एका वाक्यात संपतं. ते लांबवायचं ते वचन देणाऱ्याने काही मागितलंच नव्हतं अशा प्रश्नात. 1880 च्या ‘दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव’मध्ये एकाने कलेक्टरच्या सांगण्यावरून स्वखर्चाने बाजार बांधला, आणि तिथल्या दुकानदारांनी नंतर त्याला विक्रीवर कमिशन द्यायचं कबूल केलं. ते दिलं नाही, आणि कोर्टानेही मिळवून दिलं नाही. खर्च खरा होता, पण तो दुकानदारांच्या इच्छेवरून झालेला नव्हता. कलम 2(ड) मध्ये ‘वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून’ हे शब्द आहेत, त्यांच्याखाली रेघ ओढून ठेव.

आता हाच प्रश्न थोडा बदलून सोडव. दुकानदाराचा फोन 6 ऐवजी 8 तारखेला गेला, बाकी सगळं तसंच. कोण कोणावर दावा लावू शकेल आणि का, ते एका पानात लिहून रविवारपर्यंत मला पाठव.

तुझा,
मामा