व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस: दिसतं कुणाला, पडतं कितीला?

स्टेटस टाकायला पैसे पडत नाहीत. एके काळी व्हॉट्सअ‍ॅपचीच पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर अशी फी होती, ती 2016 च्या जानेवारीत कंपनीने काढून टाकली. फोटो-व्हिडिओचं चोवीस तासांचं स्टेटस आलं फेब्रुवारी 2017 मध्ये, तेही फुकट. खर्च होतो तो डेटाचा. आणि धंद्यासाठी स्टेटस वापरणाऱ्याचा त्याहून जास्त खर्च होतो तो हुकलेल्या गिऱ्हाइकाच्या रूपाने. कारण ‘मी स्टेटस टाकलं म्हणजे सगळ्यांना दिसलं’ हा समज.

चोवीस तासांत नाहीशी होणारी स्टोरी स्नॅपचॅटने 2013 मध्ये आणली आणि इन्स्टाग्रामने 2016 मध्ये ती उचलली. स्टेटस दिसायला तसंच आहे, त्यामुळे लोक दोन्ही एकच धरून चालतात. फरक प्रेक्षकांत आहे. इन्स्टाग्रामवर अकाउंट सार्वजनिक असेल तर स्टोरी कुणीही पाहू शकतो, खासगी असेल तर तुम्ही मंजूर केलेले फॉलोअर्स पाहतात. तुम्ही त्यांना फॉलो करता की नाही, याचा संबंध नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र मामला दुतर्फा आहे. तुमच्या फोनमध्ये त्यांचा नंबर सेव्ह हवा आणि त्यांच्या फोनमध्ये तुमचा. एक बाजू जरी नसली तरी स्टेटस पोचत नाही. दोघं एकाच ग्रुपमध्ये असाल, रोज तिथे बोलत असाल, तरी नाही.

समजा, साताऱ्यातल्या एक काकू दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांनी सोमवारी सकाळी 9 वाजता चकलीचा फोटो आणि भाव स्टेटसला टाकला, संध्याकाळी 6 वाजता अनारशांचा. पहिली गोष्ट, दोन्ही फोटो एकदम जात नाहीत. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, म्हणजे चकली मंगळवारी सकाळी 9 ला जाईल आणि अनारसे संध्याकाळी 6 पर्यंत राहतील. ज्यांना ऑर्डर द्यायला रात्रीच फुरसत मिळते, त्यांच्यासाठी भावाचा फोटो संध्याकाळीच टाकलेला बरा.

आता बघणारे बघू. शेजारच्या सोसायटीतल्या वहिनींनी काकूंचा नंबर सेव्ह केलाय आणि काकूंनी त्यांचा, त्यांना दिसेल. गेल्या वर्षीच्या एका गिऱ्हाइकाने काकूंचा नंबर ‘फराळवाल्या काकू’ म्हणून जपून ठेवलाय, पण काकूंनी त्याचा नंबर कधी सेव्हच केला नाही, नुसतं चॅटमध्ये बोलणं झालं. त्याला दिसणार नाही, आणि आपल्याला काही दिसत नाहीये हे त्याला कळणारही नाही. उलट बाजूने, काकूंनी उत्साहाने सेव्ह केलेला पण त्यांचा नंबर सेव्ह न केलेला माणूसही बाहेरच. आणि समजा काकूंनी नंबरच बदलला, तर ज्यांनी नवा नंबर सेव्ह केला नाही ते सगळेच एका झटक्यात गळतात.

ब्रॉडकास्ट लिस्टने हे साधेल असं वाटत असेल, तर तिथेही ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश मिळतो, आणि एका लिस्टमध्ये 256 माणसंच मावतात. म्हणून मला एकच उपाय व्यवहारी वाटतो. डब्यावर चिठ्ठी लावा: ‘हा नंबर सेव्ह करा आणि याच नंबरवर नाव पाठवा.’ नाव आलं की तेव्हाच सेव्ह करून टाका, रात्रीवर ढकलू नका. खर्च चिठ्ठीच्या कागदाचा.

किती जणांनी पाहिलं, हे स्वतःच्या स्टेटसखाली डोळ्याच्या खुणेपाशी दिसतं. पण त्या आकड्यावर फार विसंबू नका. ज्यांनी रीड रिसीट म्हणजे निळ्या खुणा बंद केल्या आहेत, ते पाहतात आणि यादीत येत नाहीत. तुम्ही स्वतः त्या बंद ठेवल्या असतील, तर तुम्हाला कुणाचंच नाव दिसणार नाही. यादी अगदी रिकामी असेल, तर लोक रुसलेत असं समजण्याआधी तिकडे बघा. नेमकं एकच माणूस सतत गायब असेल तर बहुधा नंबर सेव्ह नाही, किंवा त्याने निळ्या खुणा बंद केल्या आहेत. फोनवर एकदा विचारलेलं काय वाईट? इन्स्टाग्रामवरही पाहणाऱ्यांची यादी मिळते, पण तिथली नावं खात्यांची असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचा मोबाईल नंबरच माणसांपाशी असतो, आणि हे धंद्याला सोयीचं, एरवी जपायचं.

आता जपायचा भाग. व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मधल्या Privacy मध्ये Status उघडा. तिथे तीन पर्याय आहेत. My contacts म्हणजे दुतर्फा सेव्ह असलेले सगळे, यात घरमालक, ऑफिसचे साहेब, मुलाच्या शिकवणीचे सर आणि नळदुरुस्तीवालाही आले. My contacts except… मध्ये तुम्ही निवडलेली माणसं वगळून बाकीच्यांना दिसतं. Only share with… मध्ये उलट, निवडलेल्यांनाच. खोच या तिसऱ्यात आहे. घरच्या बारशाचे फोटो चार जणांना दाखवायला तो एकदा निवडला, की पुढचं स्टेटसही त्याच चौघांना जातं, जोपर्यंत तुम्ही बदलत नाही. काकूंनी बारशानंतर भाव टाकले आणि एकही ऑर्डर आली नाही, तर आधी इथे पाहायचं.

दुसरी गोष्ट, सेटिंग बदलल्याने आधी गेलेलं स्टेटस परत येत नाही. चुकीच्या माणसाला गेलं असेल तर ते स्टेटसच डिलीट करा. मात्र कुणी मधल्या काळात स्क्रीनशॉट काढला असेल, तर ना व्हॉट्सअ‍ॅप सांगतं, ना इन्स्टाग्रामची स्टोरी. गाडीचं तिकीट, आधार कार्ड, घराला कुलूप लावून गावाला चाललोय हा मजकूर, हे चोवीस तासांसाठीसुद्धा टाकू नये असं माझं मत आहे.

डेटाचा हिशेब स्वतःच मांडता येतो. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Storage and data, मग Network usage उघडा. तिथे स्टेटससाठी वेगळी ओळ असते, किती गेलं आणि किती आलं ते दाखवणारी. तळाचं Reset statistics दाबून शून्य करा, एक दिवस नेहमीसारखं वापरा आणि मग आकडा पाहा. तुम्ही टाकता त्यापेक्षा दुसऱ्यांची स्टेटस पाहण्यात जास्त डेटा जातो, हे बहुतेकांना त्या दिवशी कळतं. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल आणि व्हिडिओ स्टेटस पाहायची सवय असेल, तर ते घरच्या वायफायवर पाहावं. पाठवताना फोटोचा दर्जा HD ऐवजी साधा ठेवला तरी भावफलक वाचायला पुरतो.

परदेशात असाल तर त्याच पानावर रोमिंगचा आकडाही वेगळा मिळतो. दुसऱ्यांची स्टेटस पाहताना आणखी एक लक्षात ठेवा: जून 2025 मध्ये कंपनीने Updates टॅबमधल्या स्टेटसमध्ये जाहिराती येणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे मधे-मधे आलेलं एखादं स्टेटस तुमच्या ओळखीच्या कुणाचं नसेल, तर गोंधळू नका.

एक शेवटची खबरदारी. स्टेटस फेसबुक स्टोरीतही पाठवायची सोय आहे. ती वापरली की नंबरांचा नियम तिथे लागू होत नाही. फेसबुकवर प्रेक्षक कोण, हे तिथल्या सेटिंगवर ठरतं, आणि ते तुम्हाला फेसबुकमध्ये जाऊनच पाहावं लागतं.