नोकरीची जाहिरात : संग्रहालय शिक्षण अधिकारी

लिपिक, शिक्षक किंवा वाहनचालक हवा असल्याची जाहिरात लिहिताना पदाचे नाव दिले की अर्धे काम होते. वाचणाऱ्याला त्या पदाचे काम ठाऊक असते. काही पदांच्या बाबतीत मात्र नाव वाचून काहीच उलगडत नाही. 'संग्रहालय शिक्षण अधिकारी' हे असे एक पद आहे. संग्रहालयातील वस्तू सांभाळणारा तो अभिरक्षक, आणि पाहुण्यांना दालनातून फिरवून माहिती सांगणारा तो मार्गदर्शक. शिक्षण अधिकारी या दोघांहून वेगळा. शाळेतील मुलांना वस्तूसमोर उभे करून ती वस्तू त्यांनी स्वतः वाचावी, अशी व्यवस्था करणे हे त्याचे काम. हे काम जाहिरातीच्या भाषेत कसे मांडावे, ते या घटकात आपण एका उदाहरणावरून पाहणार आहोत.

उदाहरणासाठी गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुका घेऊ. या तालुक्यात वडधम येथे वनविभागाचे जीवाश्म उद्यान असून तेथे दगड झालेल्या प्राचीन वृक्षांची खोडे पाहावयास मिळतात. अशा ठिकाणच्या संग्रहालयासाठी शिक्षण अधिकारी नेमावयाचा आहे, असे केवळ सरावापुरते गृहीत धरू. पहिला मसुदा बहुधा असा लिहिला जातो :

'संग्रहालयाच्या शैक्षणिक उपक्रमांचे नियोजन व अंमलबजावणी करणे. विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजविणे. उत्कृष्ट संवादकौशल्य आवश्यक. वेतन पात्रतेनुसार.'

व्याकरणाच्या दृष्टीने यात दोष नाही. तरी अहेरीच्या आश्रमशाळेत चार वर्षे शिकविलेली, घरी माडिया बोलणारी एखादी पदवीधर तरुणी हा मजकूर वाचेल, तेव्हा तिला आपण या पदाला योग्य आहोत की नाही हे कळणार नाही. 'उत्कृष्ट संवादकौशल्य' म्हणजे इंग्रजी, असा अर्थ घेऊन ती अर्ज करणार नाही. उलट, मुलांपुढे कधी उभा न राहिलेला उमेदवार हेच शब्द आपल्या अर्जात उतरवून पाठवील. संदिग्ध जाहिरातीमुळे योग्य माणूस दूर राहतो आणि अयोग्य माणसाला दार उघडे राहते.

आता कर्तव्यांचे पहिले कलम पुन्हा लिहू : 'शाळेच्या सत्रात आठवड्यातून दोन शाळांच्या गटांना संग्रहालय दाखविणे. एका गटात जास्तीत जास्त ४० विद्यार्थी. प्रत्यक्ष काम २०-२० च्या दोन तुकड्यांत. भेटीचा कालावधी दोन तास. भेटीपूर्वी शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलणे.' येथे क्रियापदे साधी आहेत, आणि किती, कोण व केव्हा हे प्रत्येक ठिकाणी सांगितले आहे. वाचणारा आपला आठवडा डोळ्यांसमोर आणू शकतो.

हे आकडे ठरविण्यासाठी जाहिरात लिहिणाऱ्याला कार्यक्रम स्वतः समजलेला असावा लागतो. समजा, सातवीचा वर्ग आला आहे. अधिकारी मुलांच्या हाती दोन तुकडे देतो : एक सागाच्या लाकडाचा, दुसरा त्याच आकाराचा अश्मीभूत लाकडाचा. दोन्हींवर लाकडाचे तंतू दिसतात. पण दुसरा हाताला थंड लागतो आणि वजनाला सुमारे चौपट भरतो. 'हे लाकूड की दगड?' एवढाच प्रश्न विचारून अधिकाऱ्याने गप्प राहावयाचे असते. मुले वाद घालतात, नखाने ओरखडून पाहतात, वास घेतात. त्यानंतरच सांगावयाचे की, गाळाखाली पुरलेल्या खोडात सिलिका विरघळलेले पाणी झिरपत राहिले, ती सिलिका लाकडाच्या पेशींत साचली, आणि खोडाचा आकार राहून लाकूड गेले. या कृतीला प्रत्येक मुलाच्या हाती तुकडा जावा लागतो. ४० जणांत एक तुकडा फिरविला तर मागची मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. म्हणून २० ची तुकडी, आणि म्हणून दोन तास.

मुले पुढे डायनासोरबद्दल विचारतातच. या परिसरातील खडकथरांना सिरोंच्याजवळच्या कोटा गावाचे नाव मिळाले आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील याच कोटा थरांत 'बारापासॉरस' हा अवाढव्य प्राणी सापडला. त्याचे नामकरण १९७५ साली झाले, आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. 'आपल्याकडची हाडे तिकडे का?' हा प्रश्न मुले विचारतील, तेव्हा उत्तर टाळणारा अधिकारी उपयोगाचा नाही.

हाताळावयाच्या वस्तूंबाबत आणखी एक कलम लागते : 'हाताळणीचे नमुने भेटीपूर्वी व भेटीनंतर मोजून नोंदवहीत लिहिणे.' हे किरकोळ वाटेल. परंतु सुंदर दगड खिशात टाकण्याचा मोह मुलांना होतो, मोठ्यांनाही होतो, आणि गेलेला जीवाश्म परत घडविता येत नाही.

पात्रतेकडे वळू. येथे 'आवश्यक' आणि 'प्राधान्य' हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत. संग्रहालयशास्त्राची पदवी आवश्यक मानावी का? या विषयाचा देशातील पहिला विभाग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली सुरू झाला. आजही हा विषय मोजक्याच ठिकाणी शिकविला जातो. ती पदवी आवश्यक म्हटली तर चंद्रपूर-गडचिरोलीतील बहुतेक उमेदवार पहिल्याच ओळीत बाद होतील. म्हणून तिला प्राधान्यात ठेवावे. आवश्यक काय, तर कोणतीही पदवी आणि मुलांना शिकविण्याचा दोन वर्षांचा अनुभव.

भाषेचे कलम मात्र सैल ठेवू नये. सिरोंच्यात तेलुगू घरोघरी ऐकू येते, भामरागड-एटापल्लीकडून येणाऱ्या मुलांची घरची बोली माडिया असते, आणि चंद्रपूरकडील मुले झाडीबोली बोलतात. तेव्हा 'मराठीखेरीज माडिया किंवा तेलुगू बोलता येणे आवश्यक. लेखनाची अट नाही' असे लिहावे. 'लेखनाची अट नाही' हे तीन शब्द गाळले, तर बोली उत्तम येणारे पण ती कधी न लिहिलेले उमेदवार मागे फिरतील. 'संवादकौशल्य' हा शब्दही काढून टाकावा व त्याऐवजी निवडीची रीत सांगावी : 'मुलाखतीच्या दिवशी दहा मुलांसमोर एका वस्तूवर १५ मिनिटांचा पाठ घ्यावा लागेल.'

कामाचे वेळापत्रकही प्रदेशाला धरून हवे. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन भामरागडसारख्या भागाचा रस्ता तुटतो. त्या महिन्यांत दूरच्या शाळांच्या भेटी ठरवून उपयोग नाही. म्हणून 'जुलै-ऑगस्टमध्ये मुख्यतः अध्ययनसाहित्य तयार करणे' असे स्पष्ट लिहावे. मे महिन्यात तेंदूपानांच्या हंगामात अनेक कुटुंबे पहाटेच जंगलात असतात. सुट्टीतले शिबिर तेव्हा ठेवले तर ते रिकामे जाते.

वेतनाची रक्कम आकड्यात द्यावी, प्रवासभत्ता निराळा लिहावा, आणि राहण्याची सोय आहे किंवा नाही हेही सांगावे. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरहून दूर आहे. रोज ये-जा करता येईल असे समजून कोणी अर्ज करू नये.

सराव : तुमच्या जवळच्या एखाद्या संग्रहालयासाठी किंवा भद्रावतीच्या विजासन लेण्यांसारख्या स्थळासाठी याच पदाची जाहिरात २०० शब्दांत लिहा. लिहून झाल्यावर प्रत्येक कर्तव्यासमोर 'किती', 'कोणासाठी' व 'केव्हा' हे प्रश्न मांडा. ज्या कलमातून तिन्हींची उत्तरे मिळत नाहीत ते पुन्हा लिहा. मग तो मजकूर त्या पदाविषयी काहीच न ऐकलेल्या व्यक्तीला वाचून दाखवा, आणि सोमवारी सकाळी कामावर गेल्यावर पहिल्यांदा काय करावे लागेल, हे तिला विचारा.