थकलेल्या बिलाची आठवण आणि ‘काही बदल असल्यास कळवा’

पूर्ण करून दिलेल्या ॲनिमेशनपटाच्या थकीत बिलाची आठवण करून देणारा ईमेल नम्र असावा याविषयी दुमत नाही. परंतु नम्रता शब्दांत असावी आणि मजकुरात संदिग्धता नसावी हा भेद अनेकदा पाळला जात नाही, आणि प्रस्तुत लेखकाचे नुकसान नेमके याच ठिकाणी झाले.

व्यवहार साताऱ्यातून सांगलीतील एका हळद-प्रक्रिया उद्योगासाठी केलेल्या नव्वद सेकंदांच्या माहितीपर ॲनिमेशनचा होता. शेतातून आलेले हळकुंड उकडणे, वाळवणे, पॉलिश करणे आणि दळणे हे टप्पे त्यात चित्ररूपाने दाखवायचे होते. ठरलेल्या साठ हजारांपैकी निम्मी रक्कम आगाऊ मिळाली होती. अंतिम फाइल आणि उरलेल्या 30,000 रुपयांचे बिल 2 सप्टेंबरला एकाच ईमेलने गेले, बिलावर मुदत पंधरा दिवसांची होती, आणि त्याच संध्याकाळी मालकांचा ‘मस्त झालंय, हेच फायनल’ असा व्हॉट्सॲप संदेशही आला.

पैसे न आल्यामुळे 21 सप्टेंबरला लेखकाने जो ईमेल पाठवला, त्यात ‘सवडीने बिलाचे पाहावे’ आणि ‘व्हिडिओत काही बदल हवे असल्यास अवश्य कळवावे’ अशी दोन वाक्ये होती. पहिल्या वाक्याने मुदत सैल केली. दुसऱ्याने मात्र संपलेले काम पुन्हा उघडले. चार दिवसांनी उत्तर आले ते बोधचिन्हाचा रंग गडद करण्याविषयी, निवेदनातील एक ओळ बदलण्याविषयी आणि उपशीर्षके घालण्याविषयी. निवेदनाचे ध्वनिमुद्रण पुन्हा करावे लागले, ओळ लांबल्यामुळे त्याखालील दृश्याची हालचालही नव्याने जुळवावी लागली, आणि ‘बदल झाल्यावर बिल पाहू’ हे आपोआप ठरून गेले.

ही सवलत देण्याचे कायद्याच्या दृष्टीनेही कारण नव्हते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 नुसार सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिल्याचा दिवस हाच ‘स्वीकृतीचा दिवस’, म्हणजे काम मान्य झाल्याचा दिवस, धरला जातो. मुदत लेखी ठरली नसेल तर त्या दिवसापासून पंधरा दिवसांत, आणि ठरली असली तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, पैसे देणे बंधनकारक असते. मात्र या तरतुदींचा आधार घ्यायचा तर सेवा देणाऱ्याची ‘उद्यम’ नोंदणी हवी, आणि ती काम हाती घेण्यापूर्वीची असलेली बरी. बदलांची यादी येण्याआधीच पंधरा दिवस उलटले होते. हरकतीचे दार कायद्याने बंद झाले होते आणि लेखकाने ते आपल्या हाताने उघडले.

दुसरी चूक पत्त्याची होती. व्हिडिओ पसंत करणारे मालक आणि बिल चुकते करणारा हिशेब विभाग हे वेगळे असतात. आठवणीचा पहिला ईमेलही केवळ मालकांना गेल्यामुळे बिल हिशेबनिसांपर्यंत पोहोचलेच नव्हते. बदल पूर्ण करून दिल्यानंतर ऑक्टोबरअखेरीस गेलेला आठवणीचा दुसरा ईमेल दोघांनाही होता. त्याचा विषय ‘बिल क्र. 14, हळद ॲनिमेशन, रु. 30,000, मुदत 17 सप्टेंबर’ असा होता आणि मजकूर पुढीलप्रमाणे:

‘मा. साहेब, सप्रेम नमस्कार. 2 सप्टेंबरला अंतिम व्हिडिओ दिला व आपण तो त्याच दिवशी पसंत केल्याचे कळवले. आपण नंतर सुचवलेले तीनही बदल पूर्ण करून दिले असून आता कोणतेही काम शिल्लक नाही. 30,000 रुपयांचे बिल व बँकेचा तपशील पुन्हा जोडला आहे. रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, एवढे शुक्रवारपर्यंत कळवावे, ही विनंती.’

यात कायद्याचा उल्लेख जाणीवपूर्वक टाळला आहे, कारण पहिल्या-दुसऱ्या पत्रातच कलमे आली की पत्र नोटिशीसारखे वाचले जाते आणि पुढचे काम दुरावते. बिलावर छापलेला उद्यम क्रमांक तेवढा पुरेसा असतो. आयकर कायद्यात 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे वरील मुदतीनंतर दिले, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजावटीस धरला जातो, त्यामुळे तो क्रमांक पाहून हिशेबनीस स्वतःच मार्चपूर्वी बिल निकाली काढण्याचा आग्रह धरतो. पत्राच्या शेवटी तारीख विचारण्यामागेही कारण आहे: ‘बिल मिळाले का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते, तारीख विचारली की तारीख द्यावी लागते.

उत्तर दुसऱ्याच दिवशी हिशेब विभागाकडून आले: ‘दिवाळीनंतर देतो.’ असे उत्तर टोलवाटोलवी समजून पुसून टाकू नये. मुदत कायदा, 1963 नुसार वसुलीच्या दाव्यासाठी साधारणतः तीन वर्षे मिळतात, आणि ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी देणे मान्य केले तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून लेखकाने तो ईमेल बिलाच्या फाइलमध्ये जपून ठेवला आणि उलट उत्तरात एकच ओळ लिहिली: ‘आभारी आहे, दिवाळीनंतरची नेमकी तारीख कळवावी.’