ताळेबंद जुळला, तरी उत्तर चूक

प्रश्न : बारावीच्या लेखाशास्त्रात मी शाळेत पहिली आले. उजळणीबद्दल ज्युनिअर्सना भाषणात काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, राजेगाव (जि. बालाघाट)

उत्तर : ताई, फळ्यावर एकच उदाहरण सोडवून दाखव. अ आणि ब यांचं प्रमाण ३:२. नवा भागीदार क १/५ हिस्सा घेतो. त्यातला ३/२० अ सोडतो, १/२० ब. क ख्यातीचे २०,००० रुपये रोख आणतो. घाईत मुलं ते जुन्या प्रमाणात वाटतात : १२,००० आणि ८,०००. खरी वाटणी त्याग प्रमाणात, म्हणजे ३:१ ने होते : १५,००० आणि ५,०००. गंमत नाही, धोका इथेच आहे : दोन्ही वाटण्यांत ताळेबंद जुळतोच, कारण भांडवलाची बेरीज तीच राहते. म्हणून वाटणीआधी त्यागांची बेरीज नव्याच्या हिश्श्याएवढी येते का, ते पाहायचं : ३/२० + १/२० = १/५. उजळणीत हे गणित वाचू नका, कोऱ्या कागदावर लिहून काढा, असं त्यांना सांग.