अधिकार नेमका कोणत्या कलमातून येतो?





‘काहीही अंतर्भूत असले तरी’ आणि ‘तरतुदींना अधीन राहून’ हे शब्द स्वतः कोणालाही अधिकार देत नाहीत. अधिकार मिळतो तो त्यापुढच्या मुख्य वाक्यातून. पहिल्या शब्दांमुळे त्या वाक्याच्या आड येणारी दुसरी तरतूद बाजूला होते. दुसऱ्या शब्दांमुळे ते वाक्य स्वतःच दुसऱ्या तरतुदीपुढे मागे सरते. चंदावरकर विरुद्ध आशालता गुरम या मुंबईच्या भाडेकरार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या दोन प्रयोगांतला हा विरोध स्पष्ट केला.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये दोन्ही प्रयोग भेटतात. कलम ७२ अधिनियम व नियम यांना अधीन राहून संस्थेची अंतिम सत्ता साधारण सभेला देते. सत्ता मोठी असली तरी ती अधीन आहे. म्हणून निबंधकाने कायद्याप्रमाणे समिती दूर केली, तर साधारण सभेचा ठराव ती परत आणू शकत नाही.

‘काहीही अंतर्भूत असले तरी’ हा प्रयोग कलम ११०-अ मध्ये भेटतो. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून त्याच कलमाखाली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले आणि प्रशासक आले. समिती दूर करण्याची तरतूद तेव्हा कलम ७८ मध्येही होती, पण तिथे कसूर दाखवावी लागे, नोटीस द्यावी लागे आणि म्हणणे ऐकावे लागे. कलम ११०-अ ‘या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी’ असे सुरू होते आणि फक्त ठेवींना विमा असलेल्या सहकारी बँकांना लागते. जनहितासाठी, ठेवीदारांच्या हितासाठी किंवा योग्य व्यवस्थापनासाठी रिझर्व्ह बँकेने फर्मावले, तर बरखास्तीचा आदेश काढावाच लागतो. प्रशासकाची मुदत एकूण ५ वर्षांपलीकडे जात नाही. इथे अधिकार ‘आदेश काढला जाईल’ या शब्दांत आहे. सुरुवातीच्या शब्दांनी फक्त कलम ७८ ची अडचण दूर केली. रिझर्व्ह बँकेची मागणी नसेल, तर कलम ११०-अ चा हा अधिकार जन्मालाच येत नाही.

या शब्दांना मर्यादाही असते. ‘या अधिनियमात’ म्हटले की त्याच अधिनियमातल्या तरतुदी बाजूला होतात, केंद्राचा कायदा नव्हे. २०२० च्या दुरुस्तीनंतर राज्यात नोंदलेल्या सहकारी बँकेचे मंडळ बँकिंग विनियमन अधिनियमाच्या कलम ३६अअअ खाली रिझर्व्ह बँक स्वतः, राज्य सरकारशी विचारविनिमय करून, बरखास्त करू शकते. तो आदेश ११०-अ चा ठरत नाही.

म्हणून आदेश तपासताना आधी मुख्य वाक्य वाचावे: अधिकार कोणाचा, कशावर आणि कोणत्या अटीवर. मग सुरुवातीचे शब्द कोणत्या तरतुदींची नावे घेतात ते पाहावे. त्या काळच्या आदेशात कलम ७८ लिहिले आहे, पण नोटीस दिलेली नाही आणि रिझर्व्ह बँकेचे पत्रही जोडलेले नाही, असे दिसले, तर त्या आदेशाला दोन्हीपैकी एकाही कलमाचा आधार उरत नाही.