पत्रलेखन : तालमीआधीचं पत्र

बालमित्रांनो,

या अंकात आपण सूचना देणारं पत्र कसं लिहायचं ते पाहू. असं समजा, की मराठी शाळेच्या बारा मुलांच्या वाद्यवृंदाला दिवाळीच्या कार्यक्रमात एक धून वाजवायची आहे. हातात फक्त तीन तालमी आहेत. पहिली तालीम विस्कळीत झाली, तर प्रमुख मुलांना काय लिहील? पत्र वाचताना एक गोष्ट पाहा : प्रत्येक सूचनेला कारण दिलेलं आहे.

शनिवार

प्रिय वादक मित्रांनो,

अनेक आशीर्वाद.

आपली तालीम दुपारी दोनला आहे. दोनला म्हणजे दोनला पहिला स्वर वाजला पाहिजे, दारात पाऊल नव्हे. म्हणून सर्वांनी पावणेदोनला यावं, आणि तबलेवाल्यांनी दीडलाच. कारण सांगतो. पेटीचा स्वर आपल्याला खालीवर करता येत नाही, म्हणून बाकी सर्वांनी पेटीच्या सा शी जुळवून घ्यायचं. तबला गार गाडीतून उबदार खोलीत आला, की त्याचा स्वर काही वेळ बदलत राहतो. आल्या आल्या हातोडीने जुळवलेला तबला थोड्या वेळाने पुन्हा उतरलेला किंवा चढलेला सापडतो. व्हायोलिनच्या तारांचंही तसंच. बासरी तर फुंकून गरम झाली की स्वर चढतो. तबला जुळवताना इतरांना गप्प बसावं लागतं. तबलेवाला दहा मिनिटं उशिरा आला आणि त्याने जुळवायला दहा मिनिटं घेतली, तर बारा जणांची वीस-वीस मिनिटं गेली. म्हणजे एकूण चार तास!

दुसरी गोष्ट, आपापला भाग घरी बसवून या. तालीम बोटं बसवायला नसते, एकमेकांशी जुळवायला असते. गेल्या वेळी शेवटची तिहाई फसली, तीच घेऊ. तीनतालाच्या सोळा मात्रा. आपला पल्ला पाच मात्रांचा, तो तीनदा वाजवायचा आणि मध्ये दोनदा एकेक मात्रा थांबायचं. या थांबण्याला दम म्हणतात. ५ + १ + ५ + १ + ५ = १७. समेपासून सुरू केलं, तर सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम, आणि शेवटचा सा बरोबर तिच्यावर पडतो. एकाने जरी एक दम गाळला, तर तो सोळाव्या मात्रेवरच संपतो आणि सम त्याच्याशिवाय येते. ऐकणाऱ्याला शेवटचा सा दोनदा ऐकू येतो. चूक ओळखायची खूण हीच.

घरी आधी वाद्य बाजूला ठेवा. हाताने ताल धरा : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. तोंडाने पल्ला म्हणा आणि दमाच्या जागी मोठ्याने ‘एक’ म्हणा. मग मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवून वाजवा. लागोपाठ तीनदा बिनचूक आलं, तरच ६६ वर जा. कार्यक्रमात आपण ९६ ला वाजवणार आहोत. तिथे पोचायला रोज पंधरा मिनिटं दिलेली बरी. शुक्रवारी रात्री एकदम दोन तास बसून हे साधत नाही.

तिसरी गोष्ट तालमीतल्या शिस्तीची. मी हात वर केला, की वाद्य तिथेच थांबवा. ‘ब’ खुणेपासून म्हटलं, की सर्वांना जागा सापडली पाहिजे, म्हणून कागदावर पेन्सिलीने खुणा करून आणा. वाजवताना चुकलात तर थांबू नका. मात्रा मोजत राहा आणि पुढच्या समेला सामील व्हा. कार्यक्रमातही तेच करावं लागेल.

आजारी असाल, तर जरूर घरी राहा; पण आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे तुमचा भाग कोणी वाजवायचा ते ठरवता येईल.

तुमचा,
वाद्यवृंदप्रमुख

ता. क. पालकांनो, मुलांना दोनला सोडू नका, पावणेदोनला सोडा.

शब्दार्थ
सम : तालाची पहिली मात्रा.
पल्ला : तिहाईत तीनदा येणारा भाग.
दम : दोन पल्ल्यांमधली विश्रांती. ‘जरा दम खा’ म्हणतो, त्यातला दमही थांबण्याचाच.
ता. क. : ताजा कलम, सहीनंतर सुचलेला मजकूर.

स्वाध्याय
१. तबलेवाल्यांना सर्वांच्या आधी का बोलावलं आहे?
२. पल्ला तीन मात्रांचा असेल, तर समेपासून समेवर येण्यासाठी प्रत्येक दम किती मात्रांचा हवा? टाळी देऊन पडताळा.
३. तुमच्या नाटकाच्या किंवा खेळाच्या गटाला असंच पत्र लिहा. सूचना तीनच द्या, पण प्रत्येकीचं कारण सांगा.

(दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : ४ मात्रा.)